धागा: दहा वर्षांनी वर्गमैत्रिणीला मेसेज करायचाय, आणि कामही सांगायचंय

मलप्रभाकाठ | ८ सप्टेंबर, रात्री १०.४०

मी खानापूर तालुक्यातली. सध्या चाकणला नोकरी. दहावी २०१५ ला झाली, मराठी माध्यमातनं. सुजाता (नाव बदललंय) आठवी ते दहावी माझ्याच बाकावर होती. तिच्या घरी कन्नड, आई गोकाकची, पण शाळा आमच्यासारखी मराठीच. दहावीनंतर ती धारवाडला गेली, मी पुण्याला आले. आता ती बेळगावात वकिली करते असं बॅचच्या ग्रुपवरून कळलं. गेल्या दहा वर्षांत आमचं एकदाही बोलणं झालेलं नाही. भांडण वगैरे काही नाही, नुसतंच राहून गेलं.

आता काम असं आहे. आजोबांच्या वेळचा १९९१ सालचा वाटणीचा कागद घरात सापडलाय. स्टँप पेपरवर, तीन पानं, हातानं लिहिलेला, सगळा कन्नडमध्ये. मला छापील कन्नड वाचता येतं. बसची पाटी, रेशनकार्ड, हळूहळू पेपरसुद्धा. पण हे जोडून लिहिलेलं कचेरीचं कन्नड डोक्यावरनं जातं. बाबा मराठी सातवी शिकलेले. धाकटे काका दसऱ्याला येणार आहेत आणि 'विहीर माझ्या वाट्याची, तेवढी एक सही दे' म्हणतायत. बाबा म्हणतात, कागदात काय आहे ते कळल्याशिवाय सही नको. एवढंच. भांडायचं कुणालाच नाही.

सुजाताला विचारावं असं मनात आलं. मी लिहिलेला मेसेज हा:

"हाय सुजाता!! ओळखलंस का? कशी आहेस? किती वर्षं झाली ना! लग्न झालं का? मी पुण्यात असते. तुझ्याकडे एक छोटंसं काम होतं. वेळ मिळेल तेव्हा फोन कर ना."

तीन दिवस झाले, पाठवायला बोट धजत नाही. वाचून काहीतरी खटकतंय, काय ते कळत नाही.

सांबऱ्याचा_सदू | ८ सप्टेंबर, रात्री ११.०५

एवढा विचार कशाला? आधी चार दिवस गप्पा मारा. जेवलीस का, आई कशी आहे, शाळेतल्या गमती. मग पाचव्या दिवशी हळूच काम सांगायचं. मी आमच्या गावातल्या एका मित्राकडनं ट्रॅक्टर असाच मिळवला होता. थेट काम सांगितलं की माणसाला वाटतं, कामापुरतीच आठवण काढली.

जांबोटी_घाट | ८ सप्टेंबर, रात्री ११.२०

पहिल्यांदा उतारा काढा. सर्व्हे नंबर माहीत असेल तर भूमीच्या साइटवर दिसतो. उताऱ्यावर कुणाची नावं आहेत, कॉलम ९ आणि ११ मध्ये काय लिहिलंय ते बघा. आमच्यात तीन भावांची जमीन एकाच्याच नावावर चढलेली होती, फोडी व्हायला सहा वर्षं गेली. आमचा तर सर्व्हेवालाच...

मलप्रभाकाठ | ८ सप्टेंबर, रात्री ११.३१

@जांबोटी_घाट दादा, उतारा आहे हो. विहिरीचा हक्क त्यात कळत नाही, तो या कागदातच असणार. आणि माझा प्रश्न मेसेजचा आहे.

जांबोटी_घाट | ८ सप्टेंबर, रात्री ११.३३

हां हां. तरी फोडीचं विसरू नका.

निपाणीकर_मास्तर | ९ सप्टेंबर, सकाळी ६.१५

मी निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या १९९८ च्या बॅचचा स्नेहमेळावा झाला, तेव्हा सगळ्यांना मेसेज करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पंचवीस वर्षांत कुणाशी बोललो नव्हतो अशा पोरापोरींना लिहावं लागलं. कुठल्या मेसेजला उत्तर येतं आणि कुठला निळ्या खुणा होऊन पडून राहतो, हे त्यातनं थोडं कळलं. म्हणून तुमचा मेसेज तिच्या बाजूनं वाचून दाखवतो.

तिच्याकडे तुमचा नंबर नाही. म्हणजे फोनवर नुसते दहा आकडे आणि मेसेजची पहिली ओळ दिसणार. ती ओळ काय? 'हाय सुजाता, ओळखलंस का?' आजकाल फसवणारे नेमकं असंच सुरू करतात. नाव त्यांना कुठूनतरी मिळालेलं असतं, पुढे 'अगं मी तुझी मैत्रीण, जरा अडचणीत आहे'. वकीलबाई असं दिवसाला एखादं तरी बघत असतील. ओळख पटवणं हे तुमचं काम, ते प्रश्न विचारून तिच्यावर ढकलू नका. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव, गाव आणि बॅच. दुसऱ्या ओळीत असं एखादं, जे तुम्हा दोघींनाच माहीत.

दुसरं, 'छोटंसं काम'. काम काय ते सांगितलं नाही की वाचणारा स्वतःच भरून घेतो, आणि तो नेहमी मोठंच भरतो. उसने पैसे, नोकरी, विमा, नाहीतर साखळीवाली साबणाची योजना. तुमचं खरं काम यातल्या कशाहूनही लहान आहे, पण तिला ते कळायला मार्ग नाही.

तिसरं, 'वेळ मिळेल तेव्हा फोन कर'. ऐकायला हे अगदी नम्र आहे. पण काम तुमचं आणि फोन तिनं करायचा, तोही कशासाठी ते माहीत नसताना. शिवाय तारीख नाही. तुम्हाला दसऱ्याच्या आत पाहिजे, म्हणजे २ ऑक्टोबर. ती बिचारी दिवाळीत फोन करेल आणि वर तिलाच वाटेल की आपण लवकर केला.

लग्नाचा प्रश्न तर काढाच. दहा वर्षांत माणसाच्या घरात काय काय होऊन गेलेलं असतं.

सदूभाऊ, तुमचं म्हणणं निम्मं बरोबर. गावातला माणूस रोज पारावर दिसतो, त्याच्याशी आधी इकडचं तिकडचं बोलूनच कामावर येतात, नाहीतर उद्धटपणा होतो. पण दहा वर्षं गप्प असलेल्या माणसानं चार दिवस गोड बोलून पाचव्या दिवशी काम काढलं, तर ते आधीचे चार दिवस खोटे ठरतात. माझ्यावर दोनदा झालंय तसं. काम केलं मी, पण त्या गप्पा आठवून नंतर तोंड कडू झालं.

सांबऱ्याचा_सदू | ९ सप्टेंबर, सकाळी ९.५०

सर, ट्रॅक्टर मिळाला होता की पण.

निपाणीकर_मास्तर | ९ सप्टेंबर, सकाळी १०.०२

परत मागितलात तेव्हा मिळाला का?

सांबऱ्याचा_सदू | ९ सप्टेंबर, सकाळी १०.१०

ते खरं दुसरं कारण होतं. त्याचा क्लच गेला होता.

काळ्या_कोटातला | ९ सप्टेंबर, दुपारी २.२०

मी वकील, बेळगावातच. वकिलाला काम सांगताना लोकांचा एक घोळ होतो तो सांगतो. कागद वाचून दाखवणं वेगळं आणि 'सही करू का नको' हे सांगणं वेगळं. पहिलं कन्नड जाणणारं कुणीही करेल, बाँड रायटर करेल, हायस्कूलचा कन्नड मास्तर करेल. दुसरा सल्ला झाला, त्याची जबाबदारी येते, त्याची फी असते. ओळखीतले लोक 'जरा वाचून सांग' म्हणून येतात आणि वाचून झालं की विचारतात, 'मग आता काय करू?' तिथून पुढं फुकटची वकिली सुरू होते. नाही म्हणायला जीभ उचलत नाही. म्हणून अशा मेसेजला बरेच वकील उत्तरच देत नाहीत, मीसुद्धा देत नाही.

तुम्हाला दोन्हीतलं कुठलं पाहिजे ते आधी स्वतःशी ठरवा आणि तसंच लिहा. नुसतं वाचनच पाहिजे असेल तर 'सल्ला मागत नाही' असं स्पष्ट लिहा. फीचं तुम्हीच काढा, तिला काढायला लावू नका. पण 'पैसे देते' असं तोडूनही लिहू नका, बाकावरच्या मैत्रिणीला ते लागतं.

आणि कागदाचे फोटो पहिल्या मेसेजबरोबर अजिबात पाठवू नका. फोटो गेले म्हणजे तिनं हो म्हणायच्या आधीच काम तिच्या फोनमध्ये जाऊन बसलं. शिवाय त्यात तुमच्या घरच्यांची नावं, सह्या, अंगठे आहेत. आधी होकार येऊ दे.

मलप्रभाकाठ | ९ सप्टेंबर, रात्री ९.१५

मास्तर, वकीलसाहेब, थँक्यू. वाचून लाज वाटली थोडी, पण आता काय खटकत होतं ते कळलं.

काल रात्री कागद परत काढून बसले. घडीवर फाटलाय, म्हणून ताटात ठेवूनच वाचते. कन्नड आकडे येतात मला, त्यामुळे सर्व्हे नंबर आणि एकर-गुंठे लागले. मग एकच शब्द शोधत गेले, 'बावि', म्हणजे विहीर. तो दुसऱ्या पानावर दोनदा आहे, त्याच एका परिच्छेदात. नऊ ओळी आहेत. त्यात आजोबांचं नाव आहे, काकांचं आहे, बाबांचंही आहे. पण विहीर दिली, ठेवली, का दोघांत राहिली, ते क्रियापद लागत नाही.

म्हणजे तीन पानं वाचायची गरजच नाही. नऊ ओळी वाचल्या की झालं. हे बरं ना?

निपाणीकर_मास्तर | ९ सप्टेंबर, रात्री ९.४०

फारच बरं. 'कागद वाचून दे' म्हटलं की माणूस रविवारची वाट बघतो. 'दुसऱ्या पानावरच्या नऊ ओळी' म्हटलं की चहा उकळेपर्यंत होऊन जातं. मागायच्या आधी आपल्याला जेवढं जमतं तेवढं करून बसलात, हे तिलाही दिसेल. विनंती सौम्य होते ती अशी. 'प्लीज' चार वेळा लिहून होत नाही.

काळ्या_कोटातला | ९ सप्टेंबर, रात्री १०.३०

इथं जरा थांबा. नऊ ओळींत विहीर बाबांना दिली असेल आणि शेवटच्या पानावर 'परंतु पाण्याची पाळी दोघांत' असं असेल, तर? जुन्या कागदांत अशा अटी शेवटी, साक्षीदारांच्या सह्यांच्या जरा वर टाकलेल्या असतात. तिथं 'बावि' शब्द नसेलही, 'नीरु' असेल. नुसत्या नऊ ओळी वाचून तुम्ही निर्धास्त व्हाल आणि फसाल. मागणी लहान करणं चांगलं, पण ती लहान करण्याच्या नादात चुकीची होऊ नये.

मलप्रभाकाठ | ९ सप्टेंबर, रात्री ११.५५

बघितलं. आहे! तिसऱ्या पानावर खालून चौथ्या ओळीत 'नीरिन' असं काहीतरी आहे. तुम्ही सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. मग त्या चार-पाच ओळीही धरते. नऊ आणि पाच, चौदा ओळी.

आता खरी अडचण सांगते, जी पहिल्या पोस्टमध्ये टाळली. २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, सुजाताचे वडील गेले. ग्रुपवर बातमी आली. मी इतरांसारखं 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि हात जोडलेलं चित्र टाकलं. फोन केला नाही. काय बोलायचं सुचलं नाही, मग दिवस गेले, मग फार दिवस गेले म्हणून आणखी लाज वाटली. तिच्या वडिलांनीच, म्हणजे माझ्या तोंडी काकांनी, मला सायकल शिकवलेली, त्यांच्या घरामागच्या मैदानात. आता चार वर्षांनी तिला मेसेज करतेय तो विहिरीसाठी. वडिलांचं काढलं तर वाटेल कामासाठी काढलं. नाही काढलं तर कसली मैत्रीण?

टिळकवाडीची_शमा | १० सप्टेंबर, दुपारी १२.०५

माझी आई गेली तेव्हाचं सांगते. दोन वर्षांनी एका मैत्रिणीचा मेसेज आला. आईबद्दल चार ओळी, अगदी छान. मी रडले वाचून, मोठं उत्तर लिहिलं. दोन दिवसांनी तिचा दुसरा मेसेज, 'अगं, तुझ्या मिस्टरांच्या ऑफिसात जागा आहे का?' त्या चार ओळी मी पुन्हा वाचू शकले नाही. म्हणून माझं मत, दोन्ही एकत्र अजिबात नको. आत्ता फक्त कामाचं लिही. वडिलांचं, ती बेळगावात भेटेल तेव्हा तोंडानं बोल.

शिवाय सध्या पक्ष चालू आहे. घरोघरी गेलेल्यांची आठवण निघालेली असते. घटस्थापना २२ ला, त्यानंतर लिही म्हणते मी.

निपाणीकर_मास्तर | १० सप्टेंबर, दुपारी १२.५०

शमाताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण मला वाटतं, दुखलं ते दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून नाही. पहिली आली तेव्हा दुसरी लपवलेली होती, म्हणून दुखलं. पहिल्याच मेसेजात 'काम आहे म्हणून लिहितेय, पण त्याआधी हे बोलायचं राहिलंय' असं असतं तर?

टिळकवाडीची_शमा | १० सप्टेंबर, दुपारी १.१५

माहीत नाही मास्तर. कदाचित कमी दुखलं असतं. पण दुखलं असतंच.

सांबऱ्याचा_सदू | १० सप्टेंबर, दुपारी १.४०

२२ पर्यंत थांबलं तर दसऱ्याला दहाच दिवस उरतात. ती नाही म्हणाली तर दुसरा माणूस शोधायला वेळ कुठला? हे कुणीच बोलेना.

काळ्या_कोटातला | १० सप्टेंबर, दुपारी २.०५

सदूभाऊंशी सहमत. उशिरा मागणं हाही एक दबावच असतो. समोरच्याला नाही म्हणायची सोय राहत नाही.

मलप्रभाकाठ | १० सप्टेंबर, रात्री १०.२०

शमाताई, तुमचं वाचून बराच वेळ लिहिता आलं नाही. भेटल्यावर बोलेन असं ठरवलं तर मी पुन्हा टाळेन, स्वतःला ओळखते मी. म्हणून एकाच मेसेजात लिहिलंय. चुकत असेन तर सांगा.

"सुजाता, मी मंगल, खानापूर, दहावी २०१५. तुझ्या बाकावर डावीकडं बसायची, तुझ्या कंपासमधला कर्कटक मोडलेली ती. नंबर बॅचच्या ग्रुपमधून घेतला.

काका गेले तेव्हा मी ग्रुपवर दोन शब्द टाकून गप्प बसले. फोन करायला हवा होता, केला नाही. सायकल त्यांनी शिकवली मला, अजून चालवते. हे चार वर्षं मनात आहे.

आज मात्र काम आहे म्हणून लिहितेय, ते लपवत नाही. आमच्या घरी १९९१ चा हाती लिहिलेला कन्नड कागद आहे. त्यातल्या विहिरीबद्दलच्या चौदा ओळी मला लागत नाहीत. तू त्या वाचून मराठीत सांगशील का? सल्ला मागत नाही, नुसतं काय लिहिलंय ते. २० तारखेपर्यंत कळलं तर बरं होईल. हे तुझ्या व्यवसायाचं काम आहे, तेव्हा फीचं तू म्हणशील तसं. जमणार नसेल तर 'नाही' एवढं लिहिलंस तरी पुरे, कारण नको, मी दुसरीकडं विचारते. हो म्हणालीस तरच फोटो पाठवते."

(मंगल हेही खरं नाव नाही.)

निपाणीकर_मास्तर | ११ सप्टेंबर, सकाळी ६.०५

याला मी हात लावणार नाही. फक्त 'तेव्हा फीचं तू म्हणशील तसं' मधला 'तेव्हा' काढा, कोर्टातला वाटतो. आणि २० तारीख चांगली ठेवलीत, दसऱ्याला बारा दिवस हातात राहतात.

घटप्रभा_घाट | ११ सप्टेंबर, सकाळी ८.३०

एक बारीक गोष्ट. तुम्ही दोघी शाळेत 'मी येते, मी जाते' म्हणत होता काय? आम्ही बेळगाव-खानापूरच्या पोरी 'मी येतो, मी जातो' म्हणतो. पुण्यात राहून माझीही 'येते' झालीय, पण गावच्या मैत्रिणीला तसं लिहिलं की ती म्हणते, 'काय पुणेरी बोलूलालीस गं!' तुमच्या मेसेजात 'बसले', 'चालवते', 'लिहितेय', सगळं पुणेरी आहे. आकड्यांतून आलेला मेसेज कुणाचा ते नावापेक्षा बोलीवरून लवकर पटतं.

मलप्रभाकाठ | ११ सप्टेंबर, सकाळी ८.५५

अगं बाई! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही 'येतो'च म्हणायचो. दहा वर्षांत कधी बदलले ते कळलंही नाही.

टिळकवाडीची_शमा | ११ सप्टेंबर, सकाळी ९.४०

वडिलांच्या परिच्छेदात 'अजून चालवतो' कर. बाकी काही बोलत नाही. माझं मत बदललेलं नाही, पण हा वाचून मला राग आला नसता बहुतेक.

मलप्रभाकाठ | ११ सप्टेंबर, रात्री ९.०२

पाठवला. 'गप्प बसलो', 'अजून चालवतो', 'लिहितोय' करून. दोन राखाडी खुणा.

मलप्रभाकाठ | १२ सप्टेंबर, दुपारी १.३०

निळ्या झाल्या. सकाळी ९.१० ला. उत्तर नाही.

सांबऱ्याचा_सदू | १२ सप्टेंबर, दुपारी १.४५

आता एक 'गुड मॉर्निंग' टाका. आठवण राहते.

निपाणीकर_मास्तर | १२ सप्टेंबर, दुपारी १.५०

काही टाकू नका. २० तारीख तुम्हीच दिलीय, तोवर तो वेळ तिचा. २० ला काही आलं नाही तर तेच तिचं उत्तर समजा आणि दुसरा माणूस बघा. खरं तर आत्ताच बघून ठेवा.

काळ्या_कोटातला | १२ सप्टेंबर, सायंकाळी ६.१५

निळं होऊन पडलं म्हणजे नाराज झाली असं नाही. आम्ही कोर्टाच्या पॅसेजमध्ये मेसेज बघतो, पुढची केस पुकारली की तो खाली जातो.

मलप्रभाकाठ | १४ सप्टेंबर, रात्री १०.४५

काल रात्री उत्तर आलं. तिला सांगून, तिच्या परवानगीनं थोडं इथं लिहिते.

पहिली ओळ: 'कर्कटक तू नाही मोडलास, मी मोडलो होतो आणि तुझ्यावर ढकललो होतो.' म्हणजे दहा वर्षं मी उगाच अपराधी!

मग: 'तो कागद मला वाचता येणार नाही. कारण विचारू नको. कन्नड चांगलं असलेल्या दुसऱ्या कुणाकडूनही वाचून घे, चौदा ओळी नको, तीन पानं पहिल्यापासून वाचून घे.'

वडिलांबद्दल वेगळा व्हॉइस मेसेज आहे, साडेचार मिनिटांचा. तो इथं सांगत नाही. सायकलीचं तिला माहीतच नव्हतं. ती त्या वर्षी आजोळी होती.

सांबऱ्याचा_सदू | १४ सप्टेंबर, रात्री १०.५८

म्हणजे काम झालंच नाही की.

जांबोटी_घाट | १४ सप्टेंबर, रात्री ११.१०

कारण विचारू नको म्हणजे? काकांनी आधीच तिला गाठलंय. शंभर टक्के.

काळ्या_कोटातला | १४ सप्टेंबर, रात्री ११.३०

जांबोटीकर, असा अंदाज इथं उघड बांधू नका. वकिलाला नाही म्हणायची बरीच कारणं असतात. दुसऱ्या बाजूचं कुणी तिच्या सीनियरकडे आलं असेल, किंवा कुणीच आलं नसेल आणि ओळखीतल्यांचे कागद वाचायचे नाहीत हा तिचा स्वतःचा नेम असेल. माझाही आहे. काहीही असलं तरी तिनं कागद बघायच्या आधी नाही म्हटलं, हे महत्त्वाचं. फोटो पहिल्याच मेसेजात गेले असते तर ती उगाच पेचात सापडली असती. एकदा वाचलेलं न वाचलेलं करता येत नाही.

घटप्रभा_घाट | १५ सप्टेंबर, सकाळी ८.१०

'मोडलो होतो' वाचून बरं वाटलं.

मलप्रभाकाठ | १५ सप्टेंबर, रात्री ९.३०

सदूभाऊ, काम झालं नाही हे खरं. पण 'नाही' दोन दिवसांत आलं, अजून सतरा दिवस हातात आहेत. बाबांच्या ओळखीचे एक निवृत्त कन्नड मास्तर नंदगडला आहेत. रविवारी बाबा कागद ताटात घालून, वर रुमाल बांधून त्यांच्याकडे जाणार आहेत. तीनही पानं वाचून घ्यायची असं त्यांना दोनदा सांगितलंय. नंदगडच्या मास्तरांना काय लिहायचं हे विचारायला नवीन धागा काढत नाही, बाबा थेट दारातच जाऊन उभे राहतात.

कारण मी तिला विचारलं नाही. विचारणारही नाही. काकांचा काल फोन आला होता, कागदाचं काही बोलले नाहीत, चकली आणू का म्हणून विचारत होते.

दसऱ्याला गावी जातोय. सुजाता म्हणालीय, सोनं द्यायला तिच्या घरी ये, आईला भेट. ती सायकलही अजून घरामागं पडलीय म्हणे, चाकं नसलेली.

टिळकवाडीची_शमा | १५ सप्टेंबर, रात्री ९.५२

जा. जाताना कुंदा घेऊन जा. विहिरीचं तिथं काढू नको.

मलप्रभाकाठ | १५ सप्टेंबर, रात्री ९.५५

नाही काढत.

जांबोटी_घाट | १५ सप्टेंबर, रात्री १०.२०

फोडीचं मात्र बघा.